एकाच मापाचे तीन सेल

(वारजे येथील स्मृतिव्याख्यानमालेत, रसायनशास्त्राच्या एका दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या व्याख्यानाचे सगळे साहित्य टेबलावरच्या एका बशीत मावले आहे. बशीत तीन बटण सेल आहेत. तिघांचाही व्यास ११.६ मिलिमीटर आणि जाडी ५.४ मिलिमीटर. पहिल्यावर ‘एलआर ४४’ असे कोरले आहे. हा कॅल्क्युलेटरमध्ये आणि लहान मुलांच्या दिव्याच्या खेळण्यांत असतो. दुसऱ्यावर ‘एसआर ४४’ आहे. हा जुन्या कॅमेऱ्यांत, डिजिटल कॅलिपरसारख्या मोजमापाच्या उपकरणांत असतो आणि याचीच धाकटी भावंडे मनगटी घड्याळांत असतात. तिसऱ्याच्या पाठीवर निळा स्टिकर आहे. दुकानात तो ‘६७५ नंबर’ म्हणून मिळतो, पण त्याचे आंतरराष्ट्रीय नाव ‘पीआर ४४’. तो कानामागे लावायच्या ताकदवान श्रवणयंत्रात जातो.

डोळे मिटून बोटांनी चाचपले तर हे तीन सेल वेगळे सांगता येणार नाहीत. तिघांच्याही पोटात जस्ताची पूड आहे. असे असूनही पहिल्यात साधारण १२० ते १५० मिलिअँपिअर-तास इतका साठा असतो, दुसऱ्यात १६०च्या आसपास आणि तिसऱ्यात सहाशेच्या वर. (एक मिलिअँपिअर प्रवाह सलग एक तास दिला की एक मिलिअँपिअर-तास खर्च झाला, एवढाच या एककाचा अर्थ.) म्हणजे तिसरा चौपट दमदार झाला. तरीही तो घड्याळासाठी निरुपयोगी आहे, कारण पाठीवरचा स्टिकर काढल्यावर तो वापरला नाही तरी काही आठवड्यांत संपतो. उलट दुसरा सेल पाकिटात पाच वर्षे पडून राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही.

माप तेच, धातू तोच, मग एवढा फरक कुठून आला?

आधी नावाचा उलगडा करू, कारण सेल घेताना पहिली चूक नाव वाचताना होते. मधले ‘आर’ हे अक्षर सेल गोल आहे एवढेच सांगते. त्याच्या आधीचे अक्षर रसायन सांगते. ‘एल’ म्हणजे अल्कलाइन, ‘एस’ म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, ‘पी’ म्हणजे जस्त-हवा आणि ‘सी’ म्हणजे लिथियम. पुढचे आकडे माप सांगतात. घड्याळात सर्रास बसणाऱ्या ‘एसआर ६२६ एसडब्ल्यू’ या सेलमध्ये ६ हा आकडा ६.८ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि २६ म्हणजे २.६ मिलिमीटर जाडी. ‘सीआर २०३२’चा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. बशीतल्या सेलांवरचे ४४ मात्र मोजून काढलेले माप नाही. तो जुन्या यादीतला नुसता अनुक्रमांक आहे. नव्या पद्धतीने तोच सेल ‘११५४’ असा लिहितात.

गोंधळ वाढतो तो कंपन्यांच्या स्वतःच्या क्रमांकांमुळे. ‘एसआर ६२६ एसडब्ल्यू’ यालाच घड्याळवाले ३७७ म्हणतात. त्याच मापाच्या अल्कलाइन सेलवर ‘एजी ४’ लिहिलेले असते. श्रवणयंत्रांच्या सेलांचे १०, ३१२, १३ आणि ६७५ हे क्रमांक तर लहान-मोठेपणाच्या क्रमानेही नाहीत. त्यात ३१२ हा १३पेक्षा लहान आहे. सुदैवाने या चौघांचे रंग जगभर ठरलेले आहेत. १०ला पिवळा, ३१२ला तपकिरी, १३ला नारिंगी आणि ६७५ला निळा. ज्या घरात आजी-आजोबांचे श्रवणयंत्र आहे, तिथे नंबरापेक्षा रंग लक्षात ठेवलेला बरा. औषधाच्या दुकानातला मुलगाही रंगावरूनच सेल पटकन काढून देतो.

आता पोटात काय चालते ते पाहू. या तिन्ही सेलांत जस्त इलेक्ट्रॉन सोडते आणि स्वतः झिंक ऑक्साइड होते. पण नुसत्या सोडण्याने प्रवाह वाहत नाही. ते इलेक्ट्रॉन घेणारा जोडीदारही लागतो. अल्कलाइन सेलमध्ये हा जोडीदार मँगनीज डायऑक्साइड, घड्याळाच्या सेलमध्ये सिल्व्हर ऑक्साइड आणि श्रवणयंत्राच्या सेलमध्ये चक्क हवेतला ऑक्सिजन. जोडीदार बदलला की व्होल्टेज बदलते, साठा बदलतो आणि सेल किती दिवस जगतो तेही बदलते. सेल लहान केला किंवा मोठा केला तर साठा कमी-जास्त होईल, पण व्होल्टेज हलणार नाही, कारण ते रसायनाच्या जोडीवर ठरते.

अल्कलाइन सेल १.५ व्होल्टपासून सुरू होतो आणि वापरासोबत उतरत जातो. मँगनीज डायऑक्साइडच्या स्फटिकात हायड्रोजन हळूहळू शिरत जातो, त्या पदार्थाची घडणच क्षणोक्षणी बदलत राहते आणि व्होल्टेजही तिच्यासोबत घसरते. सिल्व्हर ऑक्साइडचे तसे नाही. त्याचा प्रत्येक कण एक तर ऑक्साइड असतो किंवा शुद्ध चांदी झालेला असतो. मधली अवस्था नाही. सेल अर्धा संपला तरी उरलेला अर्धा भाग पहिल्या दिवशी होता तसाच असतो. म्हणून त्याचे व्होल्टेज १.५५वर जवळपास शेवटपर्यंत सपाट राहते आणि मग एकदम कोसळते. मल्टिमीटर लावून ‘या सेलमध्ये अजून किती जीव आहे’ हे शोधायला गेलेल्या माणसाची निराशा होते ती यामुळेच. तीन वर्षे चाललेला सेलही जवळपास नव्याइतकेच व्होल्टेज दाखवतो.

घड्याळाला नेमकी हीच सपाटी हवी असते.

१९६९ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आणले. आपल्याकडे चावी द्यायच्या एचएमटी घड्याळांचा जमाना बराच काळ टिकला. १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळे दुकानांत आली आणि घड्याळाचा सेल हा घराघरातला विषय झाला. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळात गारगोटीचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. एक चिप ते ठोके मोजून दर सेकंदाला एका इवल्याशा मोटरला काही मिलिसेकंदांचा झटका देते आणि काटा एक घर पुढे जातो. या सगळ्याचा सरासरी खर्च एक मायक्रोअँपिअरच्या आसपास असतो.

३७७ नंबरच्या सेलमध्ये साधारण २७ मिलिअँपिअर-तास साठा असतो, म्हणजेच २७,००० मायक्रोअँपिअर-तास. तासाला एक खर्च झाला तर २७,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून थोडे जास्त. दुकानदार ‘दोन-तीन वर्षे चालेल’ म्हणतो ते या हिशेबाला धरूनच असते. तारीख-वार दाखवणाऱ्या, जाड काट्यांच्या किंवा स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाचा खर्च यापेक्षा जास्त, म्हणून त्यांचा सेलही लवकर बदलावा लागतो.

या हिशेबातली खरी अट मात्र वेगळीच आहे. तीन वर्षे इतका कमी खर्च पुरवताना सेलने आतल्या आत झिजता कामा नये आणि गळता कामा नये. त्यासाठी त्याचे झाकण आणि डबी यांच्यामध्ये नायलॉनसारख्या प्लास्टिकची कडी दाबून बसवलेली असते आणि आतले द्रवही निवडून घेतलेले असते. नावाच्या शेवटी ‘एसडब्ल्यू’ असेल तर आत सोडियम हायड्रॉक्साइड असते. ते कडेने सहसा झिरपत नाही, पण मोठा प्रवाहही देऊ शकत नाही. शेवटी नुसते ‘डब्ल्यू’ असेल तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जे प्रवाह सढळ हाताने देते. म्हणून दिवा किंवा अलार्म असलेल्या घड्याळाला ‘डब्ल्यू’ आणि नुसत्या काट्यांच्या घड्याळाला ‘एसडब्ल्यू’. ३७७ आणि ३७६ हे एकाच मापाचे असे दोन सेल आहेत. पुष्कळ घड्याळांना यातला कोणताही चालतो, पण दिवा लावताच आकडे फिकट पडत असतील तर हा फरक तपासावा.

सेल संपत आल्याचे घड्याळ स्वतःही सांगते. बऱ्याच घड्याळांत सेकंदकाटा दर सेकंदाला न हलता दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो. वेळ तेव्हाही बरोबरच असते. ही बिघाडाची खूण नाही. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेले हे चिपने ओळखलेले असते. अशा वेळी घड्याळ ‘अजून चालतेय’ म्हणून कपाटात ठेवून देणे धोक्याचे, कारण रिकामा झालेला सेल आत राहिला की गळण्याची शक्यता वाढते.

आणि इथेच बाजारातला सर्वांत मोठा घोटाळा सुरू होतो. चांदी महाग आहे. ३७७च्या सेलमध्ये हिशेबाने ग्रॅमचा दहावा भाग चांदी असते, तर ४४च्या सेलमध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक. त्याच मापाचा अल्कलाइन सेल दहा-दहाच्या पट्टीत कितीतरी स्वस्तात मिळतो. घाऊक पाकिटावर ‘३७७ / एजी ४ / एलआर ६२६’ अशी सगळी नावे एका ओळीत छापलेली असतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटते की हे एकाच वस्तूचे पर्याय आहेत. माप एकच असल्याने तो घड्याळात बसतो आणि घड्याळ सुरूही होते. पण त्याचे व्होल्टेज पहिल्या दिवसापासून उतरू लागते, साठा कमी असतो, उड्या मारण्याची पातळी आधीच गाठली जाते आणि बंद पडल्यावर दुर्लक्ष झाले तर गळालेला क्षार तांब्याची पट्टी आणि वेटोळ्याची केसासारखी तार खाऊन टाकतो. हिरवट-पांढरी पूड दिसली की ओळखावे. घड्याळ दर सहा-आठ महिन्यांनी बंद पडत असेल तर दोष घड्याळाचा धरण्याआधी निघालेल्या सेलचा पाठीवरचा कोड पाहावा. ‘एसआर’ किंवा नामांकित कंपनीचा ३७७ हा आकडा नसेल आणि ‘एजी’ किंवा ‘एलआर’ असेल, तर उत्तर तिथेच मिळाले.

चांगला घड्याळजी जुना सेल गिऱ्हाइकासमोर काढतो, नव्या सेलचे पाकीट समोरच फोडतो आणि सेल प्लास्टिकच्या चिमट्याने बसवतो. लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरल्या तर सेल तेवढ्या वेळात शॉर्ट होतो. वारज्यात काय किंवा लक्ष्मी रोडवर काय, असे कारागीर आहेत आणि त्यांच्याकडे दोन पैसे जास्त देणे परवडते.

आता निळ्या स्टिकरचा सेल.

श्रवणयंत्राची भूक घड्याळापेक्षा हजारपटीहून मोठी आहे. मायक्रोफोनने आलेला आवाज आकड्यांत बदलायचा, गोंगाट वजा करायचा, ज्या पट्टीत कान कमकुवत आहे ती उचलायची आणि पुन्हा आवाज करून कानात सोडायचा. हे काम सेकंदाला हजारो वेळा, दिवसाचे चौदा-पंधरा तास चालते. साध्या डिजिटल यंत्राला यासाठी एक ते दोन मिलिअँपिअर लागतात. ब्लूटूथवरून फोनवर बोलायचे म्हटले की खर्च आणखी वाढतो.

वारज्यातल्या एका आजींचे उदाहरण घेऊ. त्यांचे यंत्र ३१२ नंबरच्या, म्हणजे तपकिरी स्टिकरच्या सेलवर चालते आणि सरासरी दीड मिलिअँपिअर घेते. सेलचा साठा साधारण १७० मिलिअँपिअर-तास. १७०ला दीडने भागले की ११३ तास. रोज चौदा तास लावले तर आठ दिवस. आता गंमत पाहा. घड्याळाचा ३९२ नंबरचा सिल्व्हर ऑक्साइड सेल अगदी याच मापाचा असतो, ७.९ मिलिमीटर व्यास आणि ३.६ जाडी. एखाद्या रविवारी दुकाने बंद आहेत म्हणून नातवाने तो यंत्रात टाकला तर झाकण बंद होईल आणि आवाजही येईल. पण त्याचा साठा पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे तीसेक तास. मंगळवारी यंत्र मुके. शिवाय व्होल्टेज १.५५, तर यंत्राची रचना १.४ व्होल्ट आणि त्याखालच्या पुरवठ्यासाठी केलेली. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेला सेलच वापरावा.

त्याच जागेत चौपट साठा आला कुठून? उत्तर साधे आहे. घड्याळाच्या सेलमध्ये निम्मी जागा सिल्व्हर ऑक्साइडने अडवलेली असते. एक ग्रॅम सिल्व्हर ऑक्साइड फार तर २३१ मिलिअँपिअर-तास देते, तर एक ग्रॅम जस्त ८२०. जड आणि कमी देणारा जोडीदार डबीबाहेर काढला आणि त्याचे काम बाहेरच्या हवेवर सोपवले, की जवळजवळ सगळी डबी जस्ताने भरता येते. तळाशी फक्त अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पडदा राहतो. त्यात कोळशाची पूड, थोडे मँगनीज ऑक्साइड, निकेलची जाळी आणि हवा आत घेणारा पण द्रव बाहेर न सोडणारा टेफ्लॉनचा थर. त्याखाली डबीला सुईच्या टोकाएवढी भोके. हाच ऑक्सिजनचा दरवाजा. हवेतला ऑक्सिजन पडद्यावर पाण्याशी संयोग पावून इलेक्ट्रॉन घेतो. हे काम तो आळसाने करतो. त्यामुळे हिशेबाने १.६५ व्होल्ट मिळायला हवेत तिथे मोकळ्या सेलवर १.४च्या आसपास आणि काम करताना १.२५ ते १.३ एवढेच पदरात पडतात. हा आळस घालवणारे उत्प्रेरक शोधण्याचे संशोधन वारज्यापासून फार दूर नसलेल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही चालते.

हा सेल वापरला जाताना जड होतो, ही गोष्ट इथल्या मुलांनी जरूर पडताळून पाहावी. ६७५ नंबरच्या सेलने आपले सहाशे मिलिअँपिअर-तास देऊन टाकले म्हणजे त्यातले पाऊण ग्रॅमच्या आसपास जस्त ऑक्साइड झाले आणि त्यासाठी सुमारे ०.१८ ग्रॅम ऑक्सिजन हवेतून आत आला. सोनाराच्या तराजूवर नवा आणि संपलेला सेल तोलला तर हा फरक दिसू शकतो. झिंक ऑक्साइड जस्तापेक्षा जास्त जागा घेते, म्हणून कारखान्यात डबी गच्च न भरता थोडी पोकळी मुद्दाम सोडलेली असते.

पण हवेला दार उघडले की हवेसोबत बाकीचेही आत येते, आणि आतले बाहेर जाते. सेलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा हवेतल्या ओलाव्याशी समतोल राहतो तो आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असताना. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. तेव्हा भोकांतून पाणी उडून जाते, सेल आतून सुकतो आणि निम्मे जस्त शिल्लक असतानाच थांबतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता असते. तेव्हा सेल पाणी ओढून घेतो आणि फुगतो. कार्बन डायऑक्साइडही आत शिरून क्षाराचे कार्बोनेट करत राहतो. म्हणून स्टिकर निघाला की सेलचे घड्याळ सुरू झाले. यंत्र कानात असो वा कपाटात, तीन-चार आठवड्यांपलीकडे त्याचा भरवसा नाही. स्टिकर परत चिकटवला तरी भोके पूर्वीसारखी बंद होत नाहीत.

भोके मोठी केली किंवा वाढवली तर प्रवाह जास्त मिळेल, पण सेल लवकर सुकेल. लहान ठेवली तर आयुष्य वाढेल, पण यंत्राची मागणी वाढताच आवाज चिरकेल. प्रत्येक उत्पादक या दोहोंमधला मध्य साधत असतो. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी ६७५चाच वेगळा, जास्त हवा घेणारा प्रकार मिळतो तो यासाठीच. इम्प्लांट असलेल्या मुलाच्या पालकांनी साधा ६७५ स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. तो मध्येच दम तोडतो.

रोजच्या वापरातल्या बहुतेक तक्रारी या भोकांपाशीच येऊन थांबतात. स्टिकर काढल्याबरोबर सेल यंत्रात घातला तर तो ‘मेलेला’ निघाल्यासारखा वाटतो, कारण आत पुरेसा ऑक्सिजन पोचलेला नसतो. स्टिकर काढून एक ते पाच मिनिटे सेल उघडा ठेवावा आणि मग बसवावा. मल्टिमीटर असेल तर ही वाट पाहणे डोळ्यांनी दिसते. स्टिकरसकट व्होल्टेज कमी असते आणि तो काढल्यावर १.४पर्यंत चढत जाते. पावसात, हेल्मेटच्या आत किंवा घामाने यंत्र अचानक बंद पडले तर पाण्याचा थेंब भोकावर बसला असण्याची शक्यता मोठी. सेल काढून मऊ कापडाने पुसला की पुष्कळदा यंत्र पुन्हा बोलते.

आणि एक चूक चांगल्या हेतूने होते. पावसाळ्यात यंत्र दमट होऊ नये म्हणून ते रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतात. ते योग्यच आहे. पण सेल आत ठेवून ती डबी बंद केली तर सिलिका जेल सेलमधलेही पाणी शोषते. सेल काढून बाहेर ठेवावा, यंत्र डबीत ठेवावे. फ्रिजमध्ये सेल साठवण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही मानू नये. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरते.

हाच सेल घड्याळात टाकला तर? कागदावर ३१२च्या १७० मिलिअँपिअर-तासांवर एक मायक्रोअँपिअरचे घड्याळ एकोणीस वर्षे चालेल. प्रत्यक्षात घड्याळाची पाठ रबराच्या कडीने हवाबंद केलेली असते, त्यामुळे ऑक्सिजन मिळणार नाही. मिळाला तरी सेल महिन्या-दोन महिन्यांत सुकणार. घड्याळाला हवाबंद, कमी देणारा पण वर्षानुवर्षे झोपून राहू शकणारा सेल लागतो. श्रवणयंत्राला उघडा, भरभरून देणारा आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपला तरी चालेल असा. बशीतले सेल एकाच मापाचे असूनही एकमेकांची जागा का घेऊ शकत नाहीत, त्याचे हे कारण आहे.

या दोन्ही कामांत एके काळी पारा होता. १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल दुसऱ्या महायुद्धानंतर श्रवणयंत्रांत आणि कॅमेऱ्यांत सर्वत्र वापरले जात. जस्त-हवेचे बटण सेल १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आले आणि त्यांनी श्रवणयंत्रांतून पाऱ्याला हुसकले. तरीही जस्तातून हायड्रोजन वायू सुटून सेल फुगू नये म्हणून थोडा पारा जस्तात मिसळत असत. पाऱ्यावरचा मिनामाटा करार २०१३ मध्ये झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. आता पारारहित सेल सर्रास मिळतात. घरात आजोबांच्या खणात वीस-तीस वर्षांपूर्वीचे सेल असतील तर ते मात्र पाऱ्याचे असू शकतात. ते कचऱ्याच्या बादलीत न टाकता वेगळ्या डबीत ठेवून ई-कचरा संकलनात द्यावेत.

शेवटचा मुद्दा व्होल्टेजचाच, पण तो सुरक्षिततेचा आहे. ‘सीआर’ने सुरू होणारे सेल लिथियमचे असतात आणि ते ३ व्होल्ट देतात. मोटारीची किल्ली, वजनकाटा, काही डिजिटल घड्याळे आणि लहान रिमोट यांत ते असतात. लिथियमचा सेल घड्याळाच्या दीड व्होल्टच्या सेलची जागा कधीच घेऊ शकत नाही, आणि माणसाच्या शरीरात तर तो सर्वांत घातक ठरतो. सव्वा व्होल्टच्या वर गेले की पाण्याचे विघटन सुरू होते. २० मिलिमीटरचा ३ व्होल्टचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होऊन दोन तासांत खोल भाजू शकते. सेल ‘संपलेला’ असला तरी हे घडू शकते. घड्याळाचे आणि श्रवणयंत्राचे छोटे सेल बहुतेक वेळा पोटात उतरून पुढे जातात, पण तेही घशात, नाकात किंवा कानात अडकले तर इजा करतात.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. श्रवणयंत्राचा सेल आकाराने आणि रंगाने रोजच्या गोळीसारखा दिसतो, आणि वृद्ध माणसांनी तो गोळी समजून गिळल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. सेल गोळ्यांच्या डबीत, उशाशी किंवा पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवू नका. बदललेला जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून नातवंडांच्या हाती लागणार नाही अशा झाकणाच्या डबीत टाका. आणि मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवू नका, सकाळची वाट पाहू नका. एक्स-रेची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात त्याच क्षणी न्या आणि शक्य असेल तर सेलचे पाकीट सोबत न्या. पाकिटावरच्या पहिल्या अक्षरावरून आत कोणते रसायन आहे आणि आकड्यांवरून सेल केवढा आहे, हे डॉक्टरांना लगेच कळेल.